गव्हाणीपासून गोठ्याकडे

सन १२२३. रोमच्या ईशान्येला, रिएतीच्या खोऱ्यात, डोंगराच्या कडेवर वसलेले ग्रेच्चो नावाचे गाव. नाताळाला पंधरा दिवस उरले असताना असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी तिथल्या जोवान्नी नावाच्या स्नेह्याला निरोप धाडला. बाळ येशू ज्या गैरसोयीत जन्मला ती आपल्याला डोळ्यांनी बघायची आहे, म्हणून एक गव्हाण तयार ठेव, तिच्यात गवत भर आणि शेजारी एक बैल आणि एक गाढव बांध, असा त्याचा मतलब होता. नाताळाच्या रात्री गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रान तुडवत आले. त्या गव्हाणीपाशीच मिस्सा झाला. फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन वाचले, प्रवचन केले. ‘बेथलेहेम’ हा शब्द ते कोकराच्या बें-बें सारखा लांबवून उच्चारत होते, असे त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी पाच-सहा वर्षांनी लिहून ठेवले आहे.

या वर्णनात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ग्रेच्चोत मूर्ती नव्हती. मरिया नव्हती, योसेफ नव्हता, बाळसुद्धा नव्हते. होती ती गव्हाण, गवत, दोन जनावरे आणि उजेड. नाताळचा गोठा घरी मांडणाऱ्याला यातून कामाचा क्रम मिळतो. बहुतेक घरांत आधी मूर्तींचा संच येतो, मग त्याला बसेल असा गोठा शोधला जातो आणि उरलेल्या जागेत पेंढा कोंबून वर दिव्यांची माळ सोडली जाते. अशा देखाव्यात मूर्ती दिसतात, पण गोठा दिसत नाही. गव्हाणीपासून सुरुवात केली आणि तिच्या मापाने बाकीचे सारे ठरवत गेले, की साध्या मातीच्या चार मूर्तींनीही तो उभा राहतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या कामाला लागणारी सामग्री अगदी वेळेवर हाती येते. वसईच्या गावांत आणि कोकणपट्टीत भाताची झोडणी उरकते आणि नवा पेंढा मोकळा होतो तो नाताळाच्या थोडा आधीच. वसईत पाड्यापाड्यांवर तरुण मंडळी मोठे गोठे उभारतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि नाताळात कुटुंबेच्या कुटुंबे ते बघत फिरतात. गोव्यातही तीच रीत. तिथे गोठ्याला कोकणीत ‘गोठो’ म्हणतात. फ्रान्सिस यांच्या संघाचे संन्यासी पोर्तुगीज काळात वसईला आले होते, त्यांच्या चर्चचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही उभे आहेत. शिवाय मराठी बायबलमध्ये बाळाला ‘बाळंत्याने’ गुंडाळून ‘गव्हाणीत’ ठेवल्याचे लिहिले आहे. हे दोन्ही शब्द मराठी घरांतले. ज्याने गावी गोठा पाहिला आहे, त्याला बेथलेहेमचा गोठा समजावून सांगावा लागत नाही.

मूळ कथेत मात्र आपण समजतो त्याहून कमी सामान आहे. येशूजन्माची गोष्ट दोन शुभवर्तमानांत येते. लूक सांगतो ती गव्हाण, मेंढपाळ आणि देवदूत यांची. मत्तय सांगतो तो तारा आणि पूर्वेकडून आलेले मागी लोक. ते तीन होते असे मत्तयने कुठेही म्हटलेले नाही; सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून पुढे तीन राजे ठरले. ते ‘घरात’ गेले, असे तो लिहितो. बैल आणि गाढव तर दोघांच्याही गोष्टीत नाहीत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, अशा अर्थाचे वचन आहे. त्यावरून ती दोन जनावरे फार जुन्या काळापासून या चित्रात येऊन बसली. म्हणजे पहिल्या रात्रीच्या देखाव्याला खरोखर लागणारी माणसे मोजकीच आहेत: आई, बाप, बाळ आणि एक-दोन मेंढपाळ. जनावरे दोन, मेंढ्या दोन-तीन.

आता प्रत्यक्ष कामाकडे. समजा, जागा आहे ती घरातल्या एका चौरंगाएवढी, ६० सें.मी. लांब आणि ४५ सें.मी. रुंद. उभ्या माणसाची मूर्ती १५ सें.मी. उंचीची धरायची. खरा माणूस साधारण १६५ सें.मी. उंच, म्हणजे हे जग आपल्याहून अकरापट लहान झाले. हा ‘अकरा’ आकडा लक्षात ठेवला की कसलेही माप अडत नाही. नवजात बाळ ५० सें.मी.चे असते, तेव्हा इथे ते साडेचार-पाच सें.मी.चे होईल. गव्हाण माणसाच्या मांडीइतकी उंच असते, तेव्हा इथे ती ५ सें.मी. उंच, ८ सें.मी. लांब आणि ५ सें.मी. रुंद पुरते.

गव्हाण करायला आइस्क्रीमच्या चार-पाच काड्या किंवा बांबूच्या कामट्या लागतात. दोन फुल्या करायच्या, त्यांच्या वरच्या खाचेत दोन्ही बाजूंनी तिरक्या पट्ट्या बसवायच्या आणि सांधे सुतळीच्या एकेका धाग्याने बांधायचे. तळ मुद्दाम थोडा फटीचा ठेवायचा. फट कशासाठी, ते उजेडाच्या वेळी कळेल. ज्यांना लाकडाचे काम नको त्यांनी शाडूच्या मातीची दगडी गव्हाण करावी, तीही खरीच आहे. पॅलेस्टाइनच्या भागात जनावरांना खाणे घालायला दगडात कोरलेली कुंडे वापरत, उत्खननांत ती सापडली आहेत. मातीची केली तर तळाला पेन्सिल जाईल एवढे भोक ओलेपणीच पाडावे.

पेंढ्याच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात ते इथेच. भाताची काडी तीन-चार मिलिमीटर जाड असते. अकराने गुणली तर ती चार सें.मी. जाड झाली, म्हणजे चांगला बांबूच. अख्ख्या काड्या गव्हाणीत घातल्या की बाळ बांबूच्या ढिगावर निजल्यासारखे दिसते आणि सगळा देखावा एकदम खेळण्यासारखा होतो. म्हणून गव्हाणीतला आणि जमिनीवरचा पेंढा बारीक करावा लागतो. काडी नखाने उभी चिरायची, तिच्या तीन-चार पट्ट्या करायच्या आणि दोन-दोन सें.मी.चे तुकडे कापायचे. त्याहून सोपे म्हणजे नारळाच्या सोडणातला काथ्या पिंजून घ्यायचा किंवा बांधावरचे बारीक वाळके गवत आणायचे. अख्खी काडी राखून ठेवायची ती छपरासाठी.

पेंढा आणल्यावर आधी तो अंगणात किंवा गच्चीत जोरात झटकावा. त्यात राहिलेले भाताचे दाणे पडून जातात. हे दाणे राहिले तर चार दिवसांत मुंग्या आणि त्यांच्या मागोमाग उंदीर येतात. मग दोन दिवस कडक ऊन द्यावे. नवा पेंढा आतून ओलसर असतो. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली तर ती वाळली, लवली तर अजून ओल आहे. ओला पेंढा बंद खोलीत आठवडाभर ठेवला की कुबट वास येतो आणि काळे ठिपके धरतात. ज्यांच्या घरात दम्याचा त्रास आहे त्यांनी झटकण्याचे काम तोंडाला फडके बांधून बाहेरच करावे. बाजारात रंगवलेले पिवळे कृत्रिम गवत मिळते, पण उजेड पडला की ते प्लॅस्टिकसारखे चकाकते. खरी काडी उजेड पिते आणि मंद परत देते.

गोठ्याला भिंत नसली तरी चालते, छप्पर मात्र हवे. कोकणातला कुडाचा गोठा डोळ्यांसमोर आणला की सांगाडा आपोआप सुचतो: कोपऱ्यांवर मेढी, वर आढे, आढ्यावरून उतरणारे वासे आणि मागे कामट्यांचा कूड. आपल्या मापात लांबी ३४ आणि खोली २० सें.मी. घ्यावी. चार कोपऱ्यांच्या मेढी २२ सें.मी. उंच आणि मधले आढे ३० सें.मी. उंचीवर. मेढीसाठी पेरू किंवा चिकूच्या करंगळीएवढ्या वाळक्या काटक्या घेतल्या तर त्यांचा वाकडेपणा फार शोभतो. रंधा मारलेल्या सरळ पट्ट्यांचा गोठा नव्या कपाटासारखा दिसतो. मेढी उभ्या राहाव्यात म्हणून तळाला १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यायचे, त्यात भोके पाडून पांढऱ्या डिंकाने त्या रोवायच्या. मागच्या कुडाला कामट्या उभ्या-आडव्या विणून वरून शाडू आणि थोडा भुसा कालवलेला पातळ लेप द्यायचा. लेप वाळताना भेगा पडतील, पडू द्याव्यात.

छपराची शाकारणी खऱ्या घरासारखीच खालून वर करायची असते. एका पाखीचा उतार वळचणीसकट १७ सें.मी. भरतो. पेंढ्याच्या ९ सें.मी. लांबीच्या, बोटभर जाडीच्या जुड्या बांधायच्या. पहिली रांग वळचणीला, दुसरी तिच्यावर ५ सें.मी. चढवून, तिसरी पुन्हा तशीच. तीन रांगांत आढे गाठले जाते. शेवटी आढ्यावर एक जाडसर जुडी आडवी टाकून सुतळीने दोन-तीन ठिकाणी आवळायची. वरून खाली लावत आले तर प्रत्येक रांगेचे कापलेले टोक उघडे पडते आणि छप्पर झाडूसारखे दिसते. जुड्या डिंकाने चिकटवण्यापेक्षा दोऱ्याने रीपांना बांधाव्यात. डिंकाचे ओघळ उजेडात चमकतात आणि पुढच्या वर्षी खराब जुडी बदलता येत नाही. समोरची वळचण मेढीच्या पुढे ४ सें.मी. यायला हवी. हीच वळचण पुढे दिवे लपवणार आहे.

हा गोठा चौरंगाच्या मधोमध ठेवण्याचा मोह टाळावा. तो मागे डावीकडे सरकवला की उजवीकडे मेंढपाळांच्या टेकडीला जागा होते आणि पुढे एक वाट सोडता येते. टेकडीसाठी गोणपाटाचा तुकडा शाडूच्या पातळ चिखलात बुचकळून, चुरगळलेल्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांवर पसरायचा. वाळल्यावर तो खडकासारखा टणक होतो. काही घरांत टेकडीवर कापसाचे बर्फ पसरतात. बेथलेहेमला कडाक्याची थंडी पडते, बर्फ मात्र क्वचितच पडते. त्यात कापूस हा पेंढ्याइतकाच पेट घेणारा. दोन्ही एकत्र नकोतच.

मूर्तींच्या बाबतीत जगभर दोन वाटा आहेत. इटलीतल्या नेपल्स शहरात अठराव्या शतकात राजेरजवाड्यांच्या आश्रयाने ही कला शिगेला पोचली. तिथल्या मूर्तींची डोकी भाजलेल्या मातीची, डोळे काचेचे, अंग तारेवर ताग गुंडाळून केलेले आणि वर खरे शिवलेले कपडे. त्या शहरातल्या सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत आजही बारा महिने गोठ्यांचे कारागीर बसतात. दुसरी वाट दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सची. राज्यक्रांतीच्या काळात चर्चे बंद पडली तेव्हा लोकांनी गोठे घरात आणले आणि मार्सेच्या कारागिरांनी त्यांच्यासाठी साच्यातल्या छोट्या, स्वस्त मातीच्या मूर्ती काढल्या. त्यांना ‘सांतों’ म्हणतात, म्हणजे छोटे संत. त्यांत पवित्र कुटुंबाबरोबर गावचा पीठगिरणीवाला आणि मासळीवालीही बाळाला भेटायला निघालेली असते. घरी करायला ही दुसरी वाट सोपी.

शाडूच्या मातीची मूर्ती करायची म्हणजे आधी एक शंकू करायचा. हा झाला अंगरखा किंवा साडी नेसलेला देह. त्याच्या खालून अंगठा घालून तो आतून पोकळ करायचा, भिंत एक सें.मी.ची ठेवायची. भरीव मूर्ती बाहेरून वाळते, आतून ओली राहते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तडकते. डोके वेगळे वळून दात कोरायच्या काडीने बसवायचे. माती वाळताना आकसते, म्हणून १५ सें.मी.ची मूर्ती हवी असेल तर सोळाची घडवावी. वाळवायची ती सावलीत. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवली तर एक बाजू आधी वाळून मूर्ती वाकते. वाळली की नाही हे ओळखायला ती गालाला लावून बघावी. गार लागली तर आत ओल आहे. डिसेंबरच्या कोरड्या हवेत साधारण आठवडा लागतो.

चेहऱ्यावर नाक-डोळे काढण्याचा अट्टहास नको. दीड सें.मी.च्या तोंडावर भुवया आणि ओठ रंगवायला गेले की आश्चर्यचकित बाहुली तयार होते. भाव येतो तो मानेतून. मान ओली असतानाच मरियेचे डोके पुढे आणि किंचित बाजूला झुकवावे, म्हणजे तिची नजर गव्हाणीत पडते. ती गुडघे टेकलेली असेल तर तिची उंची १० ते ११ सें.मी. पुरे. योसेफ उभा, पण काठीवर भार टाकून थोडा वाकलेला. दिवसभर चाललेला माणूस आहे तो. मेंढपाळांपैकी एकाचा हात डोळ्यांवर आडवा धरला तरी पुरते. बाळाची मूर्ती तर सगळ्यांत सोपी. मातीची पाच सें.मी.ची एक वाती आणि तिला वाटाण्याएवढे डोके. वर जुन्या मऊ सुती धोतराच्या पट्टीने आडवे-तिडवे गुंडाळले की बाळंत्यात बांधलेले बाळ तयार. हात-पाय करावे लागतच नाहीत आणि मूळ कथेशी हे बाळ जास्त इमानी आहे.

बैल आणि गाढव अख्खे करू नयेत. अकराच्या हिशेबाने बसलेला बैलच अठरा सें.मी. लांब होतो आणि निम्मा गोठा अडवतो. मागच्या कुडाला लागून फक्त डोके, मान आणि खांदे दिसतील एवढाच पुढचा भाग करावा. बाकी पेंढ्याच्या ढिगात दडतो. दोन्ही तोंडे गव्हाणीच्या दोन बाजूंनी तिच्यावर आलेली असावीत. रंग मातीच्या जातीचे घ्यावेत: गेरू, चुना, काजळी, फिकट निळा. सोनेरी रंग राजांपुरता राखून ठेवावा.

आता उजेड. मध्ययुगीन चित्रकारांनी हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे आणि त्याचे मूळ एका बाईच्या दर्शनात आहे. चौदाव्या शतकातल्या स्वीडनच्या संत ब्रिजिट यांनी बेथलेहेमला जाऊन आल्यावर आपल्याला घडलेले दर्शन सांगितले. त्यात योसेफाने आणलेल्या मेणबत्तीचा प्रकाश बाळाच्या तेजापुढे नाहीसा झाला होता. त्यानंतर चित्रांतला उजेड आकाशातून खाली यायचा थांबून गव्हाणीतून वर यायला लागला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेर्टगेन टोट सिंट यान्स या डच चित्रकाराचे १४९० च्या सुमाराचे छोटेसे चित्र आहे. सगळे काळोखात, आणि बाळापासून निघालेल्या उजेडात मरियेचा चेहरा आणि देवदूतांचे हनुवटीखालचे भाग तेवढे उजळलेले. मागे टेकडीवर मेंढपाळांची धुनी पेटलेली, तिचा उजेड मात्र क्षीण. घरच्या गोठ्याची दिव्यांची सारी योजना या एका चित्रात आहे.

तिच्यासाठी वीस दिव्यांची एक एलईडी माळ पुरते. माळ ‘वॉर्म व्हाइट’ हवी. डब्यावर २७०० ते ३००० के. असा आकडा असतो. पांढऱ्याशुभ्र किंवा निळसर दिव्यात पेंढा राखेसारखा करडा दिसतो आणि मातीचे चेहरे निर्जीव होतात. अशीच माळ हाताशी असेल तर दिव्यांवर पिवळा जिलेटिन कागद गुंडाळावा. माळ तीन पेन्सिल सेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारी, म्हणजे पाच व्होल्टच्या आतली घ्यावी. पॉवर बँक वापरली तर ती काही मिनिटांत आपोआप बंद पडते, कारण एवढ्याशा दिव्यांना लागणारी वीज तिला वीज वाटतच नाही. यात माळेचा दोष नसतो. थेट घरच्या प्लगला लावायच्या २३० व्होल्टच्या स्वस्त माळा, पिवळे जुने बल्ब आणि मेणबत्ती यांना पेंढ्याच्या जवळ जागा नाही. वाळका पेंढा एका ठिणगीने पेटतो आणि काही क्षणांत छपरापर्यंत जातो.

वीसपैकी चार दिवे गव्हाणीच्या खाली ठेवायचे. तळाला ठेवलेली फट किंवा भोक इथे कामाला येते. दिव्यांवर बटर पेपरची दुहेरी घडी, तिच्यावर पिंजलेला काथ्या आणि त्यावर बाळ. आठ दिवे समोरच्या वळचणीच्या आत, आडव्या काटकीच्या मागे दोऱ्याने बांधायचे आणि त्यांच्याखालीही बटर पेपरची पट्टी लावायची. दोन दिवे टेकडीवर काटक्यांच्या ढिगाखाली, नारिंगी कागदात. ही मेंढपाळांची धुनी. उरलेल्या सहांना काळी चिकटपट्टी लावून मागे कुडाआड सोडून द्यायचे. सगळे वीस दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरला की गोठ्याचा मंडप होतो.

मग खोलीतला दिवा बंद करून समोर, गोठा डोळ्यांच्या पातळीला येईल असे बसून बघावे. इथे तीन दोष हमखास सापडतात. पहिला, दिव्याचा टिंब डोळ्यांना टोचतो. एकही दिवा थेट दिसता कामा नये, दिसायला हवा तो फक्त त्याचा उजेड. टिंब दिसला तर वळचणीतली एक जुडी खाली ओढावी. दुसरा दोष गंभीर: मूर्तींचे चेहरे भेसूर वाटतात, नाकाच्या सावल्या कपाळावर चढतात. याचा अर्थ गव्हाणीतला उजेड वळचणीच्या उजेडापेक्षा भारी झाला. हनुवटीखाली बॅटरी धरून मुले एकमेकांना घाबरवतात तसेच हे. गव्हाणीवर बटर पेपरची आणखी एक घडी टाकली किंवा चारातले दोन दिवे झाकले की वरचा उजेड चेहऱ्यांवर उतरतो आणि त्या सावल्या विरतात. तिसरा दोष म्हणजे माणसे काळी आणि मागचा कूड उजळलेला. गव्हाण फार मागे गेली की असे होते. तिला समोरच्या मेढींपासून सहा-सात सें.मी. आत, म्हणजे पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात आणावे आणि मूर्ती तिच्याभोवती पुढून उघड्या अर्धवर्तुळात ठेवाव्यात. माळेला लुकलुकण्याची कळ असेल तर ती बंद करून दिवे स्थिर ठेवावेत.

गोठ्यापुढची हिरवळ विकत आणायची नसते, पेरायची असते. गोव्यात आणि मुंबई-वसईकडे अनेक घरांत नाताळाआधी बशांतून गहू किंवा नाचणी पेरतात. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवणाऱ्या मराठी घराला हे काम शिकवावे लागणार नाही. प्रोव्हान्समध्येही ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, बशीत गहू घालतात आणि ती हिरवी बशी नाताळात मांडतात. आपल्या हवेत १२ किंवा १३ डिसेंबरला सुरुवात केली तर बेत बरोबर साधतो. गहू रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणायचे, मग उथळ ताटलीत दोन सें.मी. माती किंवा कोकोपीट पसरून दाणे एकमेकांना लागून दाटीने घालायचे. पहिले दोन दिवस झाकून ठेवायचे, नंतर खिडकीत. २४ तारखेला पाती दहा-बारा सें.मी. होतात आणि ती आपल्या माणसांच्या खांद्याला लागतात. हे शेत म्हणून वाटेच्या कडेला शोभते. मेंढ्यांच्या कुरणासाठी कात्रीने चार सें.मी.वर छाटावे लागते. पाणी जास्त झाले की मुळाशी पांढरी बुरशी धरते आणि आंबट वास येतो, म्हणून ओतण्याऐवजी शिंपडावे. ताटली गोठ्यातून उचलून बाहेर नेऊन पाणी द्यावे आणि निथळल्यावर परत ठेवावी, म्हणजे तारा आणि पेंढा कोरडे राहतात.

हा देखावा एका दिवसात पुरा मांडून मोकळे व्हायचे नसते. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात गोठा उभा राहतो, जनावरे येतात, मरिया आणि योसेफ येतात, पण गव्हाण रिकामी असते. २४ तारखेच्या रात्री मिस्साहून परतल्यावर घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून बाळ तिच्यात ठेवायचे, अशी अनेक घरांची चाल आहे. गव्हाणीखालचे ते चार दिवेही त्याच वेळी पहिल्यांदा लागावेत. तोवर फक्त वळचणीचा आणि धुनीचा उजेड. त्यासाठी दोन वेगळ्या माळा घेतल्या तर सोपे जाते: एक आधीपासून चालू, दुसरी त्या रात्रीची.

राजांना तर अजून लांबचा पल्ला आहे. मत्तयच्या कथेत ते नंतर पोचतात, म्हणून पुष्कळ घरांत त्यांना आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर किंवा खिडकीत उभे करतात आणि रोज थोडे थोडे पुढे आणतात. ६ जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. त्या दिवशी गोव्यात पणजीसमोर मांडवीच्या पलीकडे असलेल्या रेइश मागुश गावात तीन राजांचा सण असतो आणि राजांचा वेश केलेली तीन मुले घोड्यावरून चर्चला येतात. त्या गावाच्या नावाचा अर्थच ‘मागी राजे’.

सण झाल्यावर आवरायचे ते उलट्या क्रमाने. माळ आधी काढावी, सेल बाहेर काढून ठेवावेत. आत राहिले तर वर्षभरात पाझरून डबी गंजवतात. न भाजलेल्या मातीला पावसाळ्यातली दमट हवा मानवत नाही, म्हणून मूर्ती एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. गव्हाची हिरवळ शेजारच्या शेळीला किंवा कुंडीतल्या खताला. जमिनीवरचा पेंढा पुढच्या वर्षासाठी जपू नये, त्यात कीड लपलेली असते. छपराच्या जुड्या मात्र उन्हात तापवून ठेवल्या तर दोन-तीन नाताळ निघतात. ग्रेच्चोतले गवतही लोकांनी वाया जाऊ दिले नव्हते. त्या रात्रीनंतर ते गव्हाणीतून काढून आजारी गुरांना चारले आणि ती बरी झाली, असे चेलानोने लिहिले आहे.

डब्यात सगळ्यांत खाली राजे, मग मेंढपाळ, मग बैल आणि गाढव, त्यांच्यावर योसेफ, मरिया आणि बाळंत्यातले बाळ. झाकणाखाली, सगळ्यांच्या वर, ती आठ सें.मी.ची रिकामी गव्हाण ठेवावी, कारण पुढच्या डिसेंबरात डबा उघडल्यावर पहिल्यांदा तीच हातात लागणार असते.